शिल्लक साखरेची चुकीची बेरीज
फॅक्ट टेबलची एक ओळ नेमकी कशाची, हे आधी ठरवावे लागते. यालाच ग्रेन म्हणतात. किराणा दुकानाच्या विक्रीत ‘एका बिलातली एक वस्तू’ हा ग्रेन धरला, की रक्कम दिवस, दुकान, वस्तू कशावरही बेरजेला चालते. साठ्याचा ग्रेन मात्र ‘एक वस्तू, एक दुकान, एक दिवस’. सोमवारी दोन दुकानांत साखर 40 आणि 60 किलो. बेरीज 100 खरी. मंगळवारी साठा तेवढाच राहिला, तर दोन दिवसांची बेरीज 200 येते, आणि तेवढी साखर कुठेच नसते. म्हणून काळावर सरासरी काढतात. इथे `AVG` हमखास फसवते: ते चार ओळींनी भागून 50 देते, भागायचे असते दोन दिवसांनी. नफ्याची टक्केवारी तर कशावरच बेरजेला चालत नाही. नफा आणि विक्री वेगवेगळे साठवून भागाकार शेवटी करतात.