गेम मध्येच बंद पडतो. यूपीएस घ्यावा की स्टॅबिलायझर?

शिरूर अनंतपाळसारख्या गावात संध्याकाळी गेम रंगात आलेला असताना संगणक अचानक बंद पडतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो. दिवा जेमतेम लुकलुकलेला असतो. मग दुकानात स्टॅबिलायझर मागितला जातो. अशा वेळी तो सहसा कामाला येत नाही.

संगणकाच्या एसएमपीएसमधील कपॅसिटर थोडीशी वीज साठवून ठेवतो. पूर्ण भार असताना हा साठा सुमारे १६ मिलिसेकंदच पुरतो. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. म्हणजे डीपीवरची किंवा मीटरजवळची सैल तार एका आवर्तनापुरती सुटली, तरी संगणक बंद पडू शकतो. टायपिंग करताना भार कमी असल्याने साठा जास्त वेळ टिकतो. गेममध्ये ग्राफिक्स कार्ड भरपूर वीज ओढते, त्यामुळे तोच झटका तेव्हा भोवतो.

स्टॅबिलायझर वीज साठवत नाही. एकाच डीपीवर शेतीपंप सुरू झाले आणि दाब २३० वरून १७० व्होल्टपर्यंत उतरून तसाच राहिला, तर तो दाब वाढवून देतो. क्षणभर गेलेली वीज मात्र त्याला भरून काढता येत नाही. उलट त्याचा रिले बदलताना पुरवठा काही मिलिसेकंद तुटतो.

यूपीएसमध्ये बॅटरी असते. साधा यूपीएस बहुधा १० मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर येतो, म्हणून संगणक चालू राहतो. घरातल्या इन्व्हर्टरलाही बऱ्याचदा ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे बटण असते. ‘नॉर्मल’वर बदल सावकाश होतो, त्यामुळे संगणकासाठी ते ‘यूपीएस’वर ठेवावे.

खरी फसगत क्षमतेत होते. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. गेम चालू असताना संगणक आणि मॉनिटर मिळून ४०० वॅट घेत असतील, तर वीज जाताच हा यूपीएस जास्त भारामुळे स्वतःच बंद पडेल. इथे किमान १००० व्हीएचा यूपीएस हवा, आणि खोक्यावरचा वॅटचा आकडा पाहूनच घ्यावा. तोही काही मिनिटेच चालेल. तेवढ्या वेळात गेम सेव्ह करून संगणक बंद करायचा. उन्हाळ्याच्या उकाड्यात बॅटरी लवकर उतरते. दोन-तीन वर्षांनी ती बदलावी लागते.

खरेदीपूर्वी एक तपासणी करावी. Event Viewer मध्ये दिसणारी Kernel-Power 41 ही नोंद संगणक नीट बंद झाला नव्हता एवढेच सांगते. कारण सांगत नाही. म्हणून वीज स्थिर असताना, उदाहरणार्थ रात्री उशिरा, तोच गेम तासभर चालवून पाहावा. दिवा न लुकलुकता संगणक तरीही बंद पडला, तर दोष एसएमपीएसमध्ये किंवा वाढलेल्या तापमानात असण्याची शक्यता जास्त. तिथे यूपीएस घेऊनही उपयोग होत नाही.