आधी कोणता दोष धरायचा?

फाउंड्रीत रिजेक्शनची मीटिंग बसली की ज्याचा आवाज मोठा, त्याचा दोष आधी हातात घेतला जातो. पॅरेटो आलेख हा वाद कागदावर आणतो. इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो पॅरेटो यांनी संपत्तीच्या विषम वाटपाचा अभ्यास केला होता. थोड्याच कारणांतून बहुतेक नुकसान होते, हे कारखान्यातले सूत्र मांडताना गुणवत्तातज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी त्यांचेच नाव वापरले.

आलेख काढायला सोपा आहे. दोषांचे स्तंभ मोठ्याकडून लहानाकडे मांडायचे, ‘इतर’ नेहमी शेवटी, आणि वर टक्केवारीची बेरीज करत जाणारी रेषा. खरी अडचण पुढे येते: स्तंभाची उंची कशात मोजायची?

समजा, महिन्यात २०० कास्टिंग बाद झाली. वाळू अडकल्यामुळे ८४, ब्लो होलमुळे ५०, साचा सरकल्यामुळे ३०, कोल्ड शटमुळे १६, श्रिंकेजमुळे १२, इतर ८. पहिल्या तीन दोषांतच ८२ टक्के माल गेला आणि वाळू सर्वांत पुढे आहे. टीम वाळूच्या मागे लागणार, हे उघड आहे.

आता तेच आकडे रुपयांत मांडा. वाळू, सरकलेला साचा आणि कोल्ड शट हे फेटलिंगलाच डोळ्यांना दिसतात. ‘इतर’ धरून इथे नगामागे ४०० रुपये बुडतात, असे माना. ब्लो होल मशीनिंग झाल्यावर उघडा पडतो, म्हणून १००० रुपये. आतले श्रिंकेज ग्राहकाकडे कळते आणि माल परत येतो, म्हणून ३००० रुपये. एकूण नुकसान १,४१,२०० रुपये. त्यात ब्लो होलचे ५०,०००, श्रिंकेजचे ३६,००० आणि वाळूचे ३३,६००. पाचव्या क्रमांकावरचे श्रिंकेज दुसरे झाले, पहिली असलेली वाळू तिसरी. माझ्या मते टीमने या दुसऱ्या आलेखावरच निर्णय घ्यावा. पण सुरक्षेला धोका असणारा दोष कितीही छोटा असला तरी आलेखाची वाट न पाहता आधी घ्यायचा.

आलेख कारण सांगत नाही, जागा दाखवतो. ब्लो होल निवडल्यावर ते ५० नग पार्टनुसार, पाळीनुसार पुन्हा वेगळे करा. बहुतेक एकाच पार्टचे निघाले, तर त्या पार्टचा कोअर आणि त्याची गॅस बाहेर जायची वाट तपासा. सगळ्या पार्टमध्ये सारखे पसरले असतील, तर वाळूतली ओल तपासा.

सगळे स्तंभ जवळजवळ सारखे आले किंवा ‘इतर’च मोठा निघाला, तर समजावे की वर्गवारीच चुकली आहे. मग रिजेक्शन रजिस्टरमधली दोषांची नावे बदलून नोंदी पुन्हा घ्याव्या लागतात. सुधारणा झाल्यावर नवा आलेख जुन्याशेजारी ठेवताना दोन्हींचा कालावधी, उभ्या अक्षाचे मोजमाप आणि उत्पादन सारखे हवे. उत्पादन निम्मे झाले असेल, तर स्तंभ खाली आला म्हणून दोष गेला असे होत नाही.