घड्याळ नको, क्रमांक हवा

एकाच ग्राहकाचा पत्ता दोन सर्व्हरवर साठवला आहे. ‘अ’चं घड्याळ चार सेकंद पुढे आहे. तिथे पत्ता ‘पुणे’ झाला, नोंद पडली १०:००:०४. बदल ‘ब’कडे पोहोचला. दोन सेकंदांनी ग्राहकाने तिथे तो दुरुस्त करून ‘नाशिक’ केला. ‘ब’च्या अचूक घड्याळात तेव्हा १०:००:०२ वाजले होते. ज्याची वेळ नंतरची त्याचा बदल ग्राह्य, असा नियम असेल तर ‘पुणे’च टिकतं. दुरुस्ती नाहीशी होते आणि कुठलीही त्रुटी दिसत नाही.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली यावर उपाय मांडला. प्रत्येक यंत्राने स्वतःचा क्रमांक ठेवायचा आणि प्रत्येक बदलाला तो एकाने वाढवायचा. संदेशासोबत तो पाठवायचा. संदेश घेणाऱ्याने आपला आणि आलेला यांतला मोठा क्रमांक धरून त्यात एक मिळवायचा.

आता ‘पुणे’ क्रमांक ७ घेऊन निघतं. ‘ब’ ३ वर होता, संदेश मिळताच तो ८ वर जातो. त्यामुळे ‘नाशिक’ला ९ मिळतो आणि तेच टिकतं.

मात्र ‘पुणे’ पोहोचण्याआधीच ‘ब’ने बदल केला असता, तर त्याला ४ मिळाला असता. इथे ४ हा ७ पेक्षा लहान असला, तरी तो बदल आधीचा ठरत नाही. दोन्ही एकमेकांच्या नकळत झालेले आहेत. अशी टक्कर ओळखायची तर प्रत्येक नोंदीसोबत सगळ्या यंत्रांचे क्रमांक वेगवेगळे जपावे लागतात.