गोणीवरचा आठवडा आणि सळईचं वजन

दुकानदार आधी ब्रँड सांगतो. तुम्ही गोणीची छपाई वाचा. घरबांधणीला चालणाऱ्या पीपीसी सिमेंटवर आयएस १४८९ हा मानक क्रमांक, आयएसआय चिन्ह आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का, ते कळतं. जवळच भरणीचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. ‘आठवडा २४’ म्हणजे जूनचा मध्य. तीन महिन्यांपुढचं सिमेंट चाचणीशिवाय स्लॅबला वापरू नये, मग नाव कितीही मोठं असो.

सळईवर कंपनीचं नाव आणि ‘एफई ५००डी’सारखी श्रेणी उठावात असते. ५०० हा ताकदीचा आकडा. ‘डी’ म्हणजे सळई तुटण्याआधी जास्त ताणली जाते. बंडलच्या बिल्ल्यावरचा हीट क्रमांक चाचणी प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाशी जुळायला हवा. दुकानात भिंतीवर टांगलेलं जुनं प्रमाणपत्र तुमच्या मालाचं नसतं.

खरी गंमत वजनात आहे. व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे मीटरमागचे किलो. म्हणजे १२ मिलिमीटरची १२ मीटर सळई साधारण १०.६६ किलो. एका सळईत सहा टक्के घट चालते, म्हणजे दहा किलोपर्यंत. काट्यावर ९.६ भरली तर ती बारीक आहे. नगावर घेतली असेल तर पैसेही जातात. किलोवर घेतली तरी स्लॅबमध्ये लोखंड कमीच पडतं. उतरवण्याआधीच तोला.