नवा नियम कोणत्या रात्रीपासून?

सर्व्हिस इंजिनीअर, विक्री प्रतिनिधी, वसुलीला जाणारी माणसं फिरतीवर आधी स्वतःच्या खिशातून खर्च करतात आणि मग तो कंपनीकडून परत घेतात. मधल्या काळात त्यांचे पैसे कंपनीच्या कामात अडकलेले असतात. त्यामुळे परताव्याचे नियम बदलले की ते कळवणारं परिपत्रक घरखर्चाशी थेट जोडलेलं असतं. असं परिपत्रक बहुधा दर ठरवताना चुकत नाही. दर कधीपासून, कशावर आणि कोणत्या कागदावर मिळणार, हे सांगताना ते मोघम राहतं आणि तिथेच वाद सुरू होतात.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका कंपनीने ५ जूनला परिपत्रक काढलं असं समजा : ‘१ जुलैपासून हॉटेलची मर्यादा प्रतिदिन १,६०० रुपयांवरून २,००० रुपये करण्यात येत आहे.’ वाक्य स्वच्छ वाटतं. आता तिथला एक इंजिनीअर २९ जूनला नागपूरला गेला. २९ जून, ३० जून आणि १ जुलै अशा तीन रात्री राहून २ जुलैला निघाला. खोलीचं भाडं रोज २,००० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी. बिल झालं ६,३०० रुपयांचं आणि त्यावर तारीख पडली २ जुलै.

इंजिनीअर म्हणतो, बिल जुलैचं आहे, म्हणून पूर्ण ६,३०० द्या. अकाउंट्स म्हणतं, दौरा जूनमध्ये सुरू झाला, म्हणून जुन्या दराने तीन रात्रींचे ४,८०० मिळतील. रात्री मोजून हिशेब केला तर दोन रात्री जुन्या आणि एक नव्या दराने ५,२०० होतात. शिवाय मर्यादेत कर धरायचा की वेगळा द्यायचा, हा प्रश्न उरतोच; वेगळा दिला तर २६० रुपये वाढून ५,४६०. एकाच बिलाची चार उत्तरं निघाली आणि परिपत्रकाशी यांतलं एकही विसंगत नाही. टोकाच्या दोन उत्तरांत दीड हजाराचा फरक आहे.

यावर उपाय एका ओळीचा आहे : ‘मुक्काम ज्या रात्रीचा, दर त्या रात्रीचा, कर मर्यादेबाहेर.’ बिलाची तारीख किंवा क्लेम भरल्याची तारीख धरली, तर कुणाला नकळत फायदा होतो आणि कुणाला तोटा. खर्च घडल्याचा दिवस धरणं सर्वांत न्याय्य. एक अपवाद मात्र लिहून ठेवावा. मर्यादा कमी होत असेल आणि परिपत्रक येण्याआधीच कुणी जुन्या दराने बुकिंग केलं असेल, तर ते बुकिंग जुन्याच मर्यादेत मान्य करावं.

कपातीच्या बाबतीत तारखेला कायद्याचीही बाजू आहे. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९अ नुसार कामगारांच्या भत्त्यांसारख्या सेवाशर्ती त्यांच्या तोट्याच्या दिशेने बदलायच्या असतील, तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागत असे. त्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेनेही हा २१ दिवसांचा अवधी कायम ठेवला आहे. ही तरतूद प्रत्येक अधिकाऱ्याला लागू होत नाही. तरीही ‘तात्काळ प्रभावाने’ असं लिहून भत्ता कापण्याआधी तो कुणाचा कापला जातो आहे, हे तपासलंच पाहिजे.

दुसरा घोळ मर्यादेच्या अर्थाचा. ‘जेवणासाठी रोज ५०० रुपये’ याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे सरसकट दैनिक भत्ता : ३५० खर्च होवोत की ६००, मिळणार ५००, बिलं मागायची नाहीत. दुसरा म्हणजे प्रत्यक्ष खर्च, जास्तीत जास्त ५०० : ३५० चं बिल दिलं तर ३५० च मिळतील. पहिल्यात कागद कमी लागतात. दुसऱ्यात कंपनीचा ताबा जास्त राहतो, पण हायवेवरच्या टपरीवर चहा-वडापाव खाणाऱ्याला बिल मिळत नाही आणि तो खर्च त्याच्याच अंगावर पडतो. कोणतीही पद्धत निवडा, पण ‘सरसकट’ किंवा ‘प्रत्यक्ष, कमाल’ हा शब्द आकड्याच्या शेजारीच लिहा. अर्धा दिवस कसा मोजायचा, हेही तिथेच सांगा. रात्री नऊला गावी पोचणाऱ्याला त्या दिवसाचा भत्ता पूर्ण की अर्धा, हे त्याला निघण्याआधी कळायला हवं.

तिसरी गोष्ट क्लेम भरण्याची. इथे ‘योग्य ती बिलं जोडावीत’ एवढं पुरत नाही. यूपीआयचा स्क्रीनशॉट पैसे गेल्याचं सांगतो. काय घेतलं आणि त्यात कर किती, हे सांगत नाही. म्हणून तो बिलासोबत चालतो, बिलाऐवजी नाही. टोल आणि हॉटेलांच्या चकचकीत थर्मल कागदावरची अक्षरं काही आठवड्यांत पुसट होतात, तेव्हा बिल मिळताच फोटो काढायला सांगावं. हॉटेल आणि विमानाच्या तिकिटावर कंपनीचं नाव व जीएसटी क्रमांक आधीच घालून घ्यावा लागतो; नंतर बिल बदलून मिळवणं जिकिरीचं असतं. हॉटेलच्या बाबतीत याचा उपयोग राज्यानुसार बदलतो. नागपूरच्या हॉटेलचा कर महाराष्ट्रातला असतो. इंदूरच्या हॉटेलचा कर मध्य प्रदेशाचा असल्यामुळे फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला त्याची वजावट मिळत नाही. आणि एकाच व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली, तर एरवी तो खर्च कंपनीच्या आयकरात धरला जात नाही. मोठी रक्कम कार्डाने किंवा बँकेतून द्या, असं सांगण्यामागे हे कारण आहे. कारण सांगितलं की नियम पाळला जातो.

रिक्षा, हमाली, एसटी थांब्यावरचा चहा यांचं बिल मिळत नाही. त्यासाठी तारीख, ठिकाण, कारण आणि रक्कम लिहून सही केलेलं व्हाउचर किती रुपयांपर्यंत चालेल, ते ठरवून द्यावं.

हे सगळं एका पानात मावतं. आपल्या उदाहरणातल्या कंपनीचं परिपत्रक असं असू शकलं असतं :

‘१ जुलैपासून हॉटेलची मर्यादा प्रतिरात्र २,००० रुपये (आधी १,६००), कर वेगळा. दर मुक्कामाच्या रात्रीप्रमाणे. दैनिक भत्ता सरसकट ५०० रुपये, बिल नको. बारा तासांपेक्षा कमी फिरतीला निम्मा. बिल न मिळणाऱ्या खर्चासाठी दिवसाला २०० रुपयांपर्यंत सहीचं व्हाउचर. दौरा संपल्यापासून १५ दिवसांत क्लेम भरून बिलांचे फोटो जोडावेत. विभागप्रमुखांची मंजुरी तीन दिवसांत, त्यापुढे सात दिवसांत रक्कम खात्यावर. एखाद्या बिलावर शंका असेल तर तेवढीच रक्कम थांबेल, उरलेली वेळेत मिळेल. मर्यादेपेक्षा जास्त खर्च अटळ असेल तर विभागप्रमुखांची आधी लेखी परवानगी घ्यावी.’

यातल्या एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्यावं. मुदत दोन्ही बाजूंना आहे. कर्मचाऱ्याने १५ दिवसांत भरायचं, तर कंपनीनेही दहा दिवसांत द्यायचं. फक्त कर्मचाऱ्यावर मुदत घालणाऱ्या नियमात एका शंकेच्या बिलासाठी अख्खा क्लेम महिनाभर अडकतो आणि पुढच्या दौऱ्याला माणूस उचल मागतो.

परिपत्रकाचा मसुदा तयार झाला की त्यावर सही होण्याआधी तो सतत फिरतीवर असणाऱ्या दोघांना द्या आणि त्यांचा मागच्या महिन्याचा खरा क्लेम त्या नियमाने भरायला सांगा. भरताना त्यांना एकही प्रश्न विचारावा लागला, तर त्याचं उत्तर मसुद्यात लिहा आणि मगच तो सगळ्यांना पाठवा.