परतीच्या भाड्याचा हिशेब

लासलगावहून कांदा भरलेला दहा चाकी ट्रक रात्री निघतो, कसारा घाट उतरतो आणि पहाटे वाशीच्या मार्केटात लागतो. अंतर साधारण 230 किलोमीटर. समजा, गाडीत 18 टन कांदा आहे आणि टनाला 1,200 रुपये भाडं ठरलंय, म्हणजे हातात आले 21,600. जाऊन-येऊन डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता, टायरची झीज आणि दुरुस्ती मिळून 15,345 रुपये खर्च झाला. मालक सहा हजार सुटले म्हणून खूश होतो. खरं तर या फेरीत त्याला दीडशेच्या आसपास रुपये तोटा झालेला असतो. (इथले आकडे उदाहरणासाठी घेतलेले, पण व्यवहाराच्या जवळचे आहेत.)

सहा हजार गेले कुठे? ते गाडीने उभ्या-उभ्याच खाल्लेले असतात. ट्रक 36 लाखांचा. टायरचे 2 लाख बाजूला ठेवू, कारण ते किलोमीटरप्रमाणे झिजतात आणि त्यांचा खर्च तिकडे धरला आहे. आठ वर्षांनी गाडी विकून 8 लाख येतील असं धरलं, तर उरलेले 26 लाख आठ वर्षांत संपणार, म्हणजे महिन्याला सुमारे 27,000 रुपये घसारा. गुंतलेल्या पैशावरचं व्याज 18,000, विमा-कर-परमिट-पासिंगचे 10,000, ड्रायव्हरचा पगार 20,000. मालकाकडे पाच गाड्या असतील, तर मुनीम, जागा, फोन यांचा या गाडीच्या वाट्याचा खर्च 5,000. एकूण 80,000. चाक फिरो न फिरो, हा खर्च चुकत नाही.

इथे बहुतेक जण एक गफलत करतात. घसारा न धरता बँकेचा हप्ताच खर्च म्हणून लिहितात. हप्त्यातलं व्याज हा खर्च खराच. पण मुद्दल म्हणजे गाडीचीच किंमत, ती घसाऱ्यात मोजली जाते. दोन्ही धरले तर खर्च फुगतो. उलट हप्ते संपले की गाडी फुकट झाल्यासारखी वाटते, मालक भाडं पाडतो आणि नवी गाडी घ्यायची वेळ आली की गाठीला पैसा नसतो.

मार्केट बंद, दुरुस्ती, पासिंग हे दिवस वजा जाता महिन्यात गाडी 25 दिवस कामाची धरू. 80,000 भागिले 25, म्हणजे दिवसाला 3,200 रुपये. वाशीची फेरी दोन दिवसांची, म्हणून 6,400. चालवण्याचे 15,345 मिळवले की फेरीचा खरा खर्च 21,745. भाडं 21,600. तोटा तो हा.

आता 21,745 ला 460 किलोमीटरने भागा. किलोमीटरला 47 रुपये 27 पैसे आले. गाडीच्या तब्येतीसाठी हा आकडा उत्तम. पाच गाड्यांपैकी एकीचाच किलोमीटरचा खर्च वर गेला, तर ॲव्हरेज पडलंय, टायर लवकर जाताहेत किंवा डिझेल टाकीऐवजी दुसरीकडे जातंय. टाकी काठोकाठ भरून निघायचं, परतल्यावर पुन्हा काठोकाठ भरायची आणि मधल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचं. एवढ्यावरून बरंच कळतं.

पण भाडं ठरतं टनावर, म्हणून धंद्याचा आकडा टन-किलोमीटरचा. एक टन माल एक किलोमीटर नेला की एक टन-किलोमीटर. जाताना 18 गुणिले 230, म्हणजे 4,140. येताना गाडी रिकामी, म्हणजे शून्य. 21,745 भागिले 4,140, सव्वापाच रुपये. घाईत कोणी किलोमीटरच्या 47 रुपयांनाच 18 ने भागलं तर उत्तर येतं 2 रुपये 63 पैसे, बरोबर निम्मं. रिकामं येणं त्यात विसरलेलं असतं. अशा हिशेबाने दर सांगणारा मालक फेरीगणिक खड्ड्यात जातो, आणि असे मालक बाजारात असले की बाकीच्यांनाही दर मिळत नाही.

म्हणून परतीचा माल शोधायचा. समजा तळोज्यातून नाशिकच्या अंबड एमआयडीसीसाठी 10 टन माल मिळाला. वाशी ते तळोजा 20 किलोमीटर रिकामं, तिथून अंबडपर्यंत 165 भरून, पुढे लासलगावपर्यंत 65 पुन्हा रिकामं. फेरी झाली 480 किलोमीटरची. डिझेल वाढलं, भत्ता वाढला, चालवण्याचा खर्च 16,720 झाला. गेटवर थांबणं, भरणं, उतरवणं यात तिसरा दिवस गेला; दिवसांचे 9,600. एकूण 26,320.

किलोमीटरचा खर्च काढला तर आता 54 रुपये 83 पैसे! साडेसात रुपयांनी वाढला. फक्त हा आकडा बघणारा म्हणेल, परतीचा माल घेणं मूर्खपणा. पण टन-किलोमीटर झाले 4,140 अधिक 1,650, म्हणजे 5,790, आणि खर्च उतरला 4 रुपये 55 पैशांवर. परतीचं भाडं 7,000 मिळालं तर फेरीला 2,280 रुपये नफा.

हे टन-किलोमीटर टप्प्याटप्प्यानेच मोजावे लागतात. सगळ्या टप्प्यांच्या वजनाची सरासरी काढून तिला एकूण अंतराने गुणायचं, अशीही रीत पुस्तकांत आहे. आपल्या फेरीत चार टप्प्यांची वजनं 18, 0, 10, 0, सरासरी 7, गुणिले 480, म्हणजे 3,360. खर्च येतो 7 रुपये 83 पैसे. वीस किलोमीटरच्या रिकाम्या टप्प्याला 230 किलोमीटरच्या भरल्या टप्प्याइतकाच मान दिल्यावर दुसरं काय होणार? टप्पे सारखे असतील तिथेच ही रीत चालते. कापूस किंवा थर्माकोलसारखा माल असेल तर टन-किलोमीटरच लंगडा पडतो. वजन भरण्याआधी गाडीची जागा भरते, आणि तिथे भाडं अख्ख्या गाडीवर ठरवलेलं बरं.

टन-किलोमीटरचा खर्च उतरवायचा आणखी एक मोह म्हणजे दोन टन जास्त भरणं. जुलै 2018 मध्ये केंद्राने तीन ॲक्सलच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा 25 वरून 28.5 टन केली, तरी हात आवरत नाही. दोन टनांचे 2,400 रुपये जास्त मिळतील. पण मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे दंड 20,000, वर जादा प्रत्येक टनाला 2,000. एकदा काट्यावर पकडलं की दहा फेऱ्यांची जादा कमाई गेली, टायरचं वेगळंच.

परतीचं भाडं किती कमी घ्यावं? परतीच्या मालामुळे खर्च वाढला 4,575 रुपयांनी, त्यातले 3,200 तिसऱ्या दिवसाचे आणि 1,375 चालवण्याचे. लासलगावात दुसऱ्या दिवशी भरायला कांदा तयार असेल, तर साडेचार हजारांच्या आतलं भाडं नाकारावं. तिसरा दिवस तिकडे विकता येतो. मार्केट बंद असेल आणि गाडी घरी उभीच राहणार असेल, तर ते 3,200 तसेही जायचेच. तेव्हा 2,000 रुपयांचं भाडंही परवडतं.