खव्याचा तांबूस रंग आणि साखरेचा कॅरमल

कढईत दूध आटवून खवा करताना पांढऱ्या दुधाला हळूहळू तांबूस छटा येते. कोरड्या पातेल्यात नुसती साखर तापवली तर तीही वितळून तांबूस होते. डोळ्यांना दोन्ही रंग सारखेच वाटतात, म्हणून दोन्हींना सर्रास ‘कॅरमल’ म्हटले जाते. अन्नविज्ञानाच्या पदवी परीक्षेत ‘मेलार्ड अभिक्रिया आणि कॅरमलीकरण यांतील फरक स्पष्ट करा’ असा लघुत्तरी प्रश्न आला की याच गल्लतीपायी गुण जातात. दोन्ही क्रिया विकरांच्या मदतीशिवाय घडतात, एवढे साम्य खरे. चिरलेले वांगे किंवा सफरचंद काळे पडते ते विकरांमुळे, त्यामुळे ते या प्रश्नाच्या बाहेरचे.

खव्याच्या कढईतच या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. दुधात पाणी आहे तोवर ते कितीही उकळले तरी त्याचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, कारण जाळाची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. उसाची साखर नुसत्या उष्णतेने तांबूस व्हायला साधारण एकशे साठ अंश आणि त्याहून अधिक तापमान लागते. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, तर याहून चिवट. तरीही बासुंदी आटता आटता गुलाबीसर होते, तेही वरून साखर घालण्याच्या आधी. तेव्हा तो रंग साखर करपल्याचा असूच शकत नाही. लॅक्टोजला दुधात दुसरा जोडीदार भेटलेला असतो, आणि तो जोडीदार म्हणजे दुधातली प्रथिने.

या भेटीचा शोध लुई कामिय मेलार्ड या फ्रेंच संशोधकाच्या नावे आहे. त्याच्या आडनावाचा फ्रेंच उच्चार ‘मायार’, पण आपल्याकडे ‘मेलार्ड’च रूढ झाला आहे. १९१२ मध्ये त्याने ग्लुकोज आणि ग्लायसिन हे अमिनो आम्ल पाण्यात एकत्र तापवले. द्रावण पिवळे झाले, मग तपकिरी, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटू लागला. या क्रियेतल्या टप्प्यांची सुसंगत मांडणी व्हायला पुढे चाळीस वर्षे लागली. जॉन हॉज या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ती १९५३ मध्ये केली.

पहिला टप्पा समजला की बाकीचे सोपे होते. ग्लुकोज किंवा लॅक्टोजसारख्या साखरेच्या रेणूचे एक टोक क्रियाशील असते. अशा साखरेला क्षपणक शर्करा म्हणतात. हे टोक अमिनो गटाशी जोडले जाते आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. दुधात असा मोकळा अमिनो गट मुख्यतः लायसिनकडून मिळतो, कारण प्रथिनाच्या साखळीत गुंफलेले असतानाही त्याच्या बाजूच्या फांदीवरचा अमिनो गट रिकामाच असतो. जोडणी झाल्यावर रेणूची अंतर्गत फेररचना होते. तिला अमाडोरी फेररचना म्हणतात. इथपर्यंत रंग आलेला नसतो. पुढे या रेणूतून आणखी पाणी निघते आणि त्याचे अतिशय क्रियाशील तुकडे होतात. ते तुकडे इतर अमिनो आम्लांना गाठतात, तेव्हा कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सुवासिक अल्डिहाइडे तयार होतात. मेलार्डला दिसलेला वायू बव्हंशी याच पायरीवरचा. शेवटी उरलेले तुकडे एकमेकांना जोडले जाऊन मेलॅनॉइडिन नावाचे मोठे, तपकिरी, नायट्रोजनयुक्त रेणू बनतात.

कॅरमलीकरणात जोडीदार नसतो. कॅरमल कस्टर्डसाठी साच्यात साखर घेऊन मंद आचेवर ठेवली की आधी कडा वितळतात, मग सगळ्याचा फिका सोनेरी रस होतो. उसाच्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होते, रेणूंतून पाणी निघून जाते, काही रेणू तुटून लोण्यासारख्या आणि फळांसारख्या वासाची द्रव्ये तयार होतात आणि बाकीचे जोडले जाऊन तपकिरी कॅरमल बनते. हा सोनेरी रस मधाच्या रंगाचा झाला की भांडे लगेच उतरवावे लागते. आणखी अर्धा मिनिट गेला तरी धूर येतो आणि चव कडू होते. याच साच्यात वर ओतलेले दूध-अंड्याचे मिश्रण मात्र वाफवल्यावर पिवळसरच राहते. त्यात प्रथिने आहेत आणि भरपूर साखरही आहे, पण ती साखर सुक्रोज आहे. सुक्रोजमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची क्रियाशील टोके एकमेकांतच गुंतलेली असल्याने अमिनो गटाला धरायला काही उरत नाही. दुधातल्या थोड्या लॅक्टोजला रंग यायला वाफवण्याचा वेळ पुरत नाही.

हा फरक प्रयोगशाळेत तीन परीक्षानळ्यांत दिसतो. पहिल्या नळीत ग्लुकोजचे द्रावण, दुसरीत ग्लुकोज आणि ग्लायसिन, तिसरीत साखर आणि ग्लायसिन घेऊन तिन्ही नळ्या उकळत्या पाण्यात ठेवाव्यात. तासाभराने दुसरीच नळी तपकिरी झालेली असते. पहिलीत जोडीदार नाही आणि तिसरीत मोकळे टोक नाही. तिन्ही नळ्यांचे तापमान सारखेच असल्यामुळे रंगाचे श्रेय उष्णतेला देता येत नाही. दुसऱ्या नळीत चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर रंग लवकर चढतो, आणि लिंबू पिळले तर रेंगाळतो, कारण आम्लात अमिनो गटाला प्रोटॉन चिकटतो आणि त्याची पकड जाते.

‘मेलार्ड अभिक्रियेला उच्च तापमान लागते’ हे उत्तरपत्रिकेत वारंवार दिसणारे वाक्य अर्धवट आहे. भाकरी-पोळीवर आणि पावाच्या कडेवर ती झपाट्याने होते हे खरे. पण दमट जागी ठेवलेली दूध पावडर काही महिन्यांत पिवळट पडते तीही याच अभिक्रियेने, तेही खोलीच्या तापमानाला. त्या पावडरीतले लायसिन साखरेशी बांधले गेल्याने शरीराला मिळत नाही. रंग फारसा दिसण्याआधीच पोषण कमी झालेले असते. नुसती साखर डब्यात वर्षभर ठेवली तरी तिचे कॅरमल होत नाही.

चार गुणांसाठी उत्तर असे लिहिता येईल: ‘मेलार्ड अभिक्रियेत क्षपणक शर्करा आणि अमिनो गट यांचा संयोग होऊन नायट्रोजनयुक्त मेलॅनॉइडिन तयार होते, ती कमी तापमानालाही घडते आणि अल्कधर्मी माध्यमात वाढते. उदा. खवा, पावाची कड. कॅरमलीकरणात अमिनो गटाविना केवळ साखरेचे उच्च तापमानाला निर्जलीकरण, विघटन आणि बहुवारिकीकरण होते. त्यासाठी शर्करा क्षपणक असण्याची अट नाही. उदा. कस्टर्डच्या साच्यातली तापवलेली साखर.’

प्रत्यक्षात दोन्ही क्रिया एकाच भांड्यातही घडू शकतात. धारवाडी पेढ्यासाठी खवा कोरडा होईपर्यंत परततात. पाणी संपत आले की कढईच्या तळाशी तापमान शंभराच्या पुढे सरकते, आणि साखर घातली असेल तर तळाशी चिकटलेला थर थोडाफार कॅरमलही होतो. पेढ्याचा मूळ रंग मात्र त्याआधीच्या दीर्घ आटण्यात आलेला असतो. कोला पेयाच्या बाटलीवर घटकांच्या यादीत 150d हा क्रमांक छापलेला असतो. तो ‘कॅरमल रंग’ म्हणून विकला जातो, पण तो बनवताना साखरेबरोबर अमोनियाची संयुगे तापवतात. त्यामुळे नायट्रोजन त्यात बाहेरून आणलेला असतो, आणि नाव कॅरमल असूनही त्याचे रसायन मेलार्डच्या बाजूला झुकते.